सहा दाखले, एकच मशीन

आमच्याकडे तिला सगळे शेरेबाई म्हणतात. वय छप्पन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि अक्षर असं की छापल्यासारखं वाटावं. टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की, कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं कार्यालय लागतं. तिथे ती एकवीस वर्षं बसते. कामगार सुटला की त्याला दाखला द्यायचा. नाव, काम, कधीपासून कधीपर्यंत, आणि शेवटी एक रकाना: नोकरी सुटण्याचं कारण. तो रकाना ती भरते. तिच्या टोपणनावाचा उगम एवढाच.

छापील दाखल्यात त्या रकान्यात दोनच पर्याय आहेत. ‘स्वखुशीने सोडली’ आणि ‘काढून टाकले’. एकावर खूण करायची.

आता खरं काय होतं ते सांगतो. सलग वर्ष भरलं की कामगार कायम होण्याचा हक्क मागू शकतो. म्हणून मालकाने एकाच जिन्यावर सहा पाट्यांच्या सहा कंपन्या काढल्या आहेत. दहा महिने झाले की पोरगी पहिल्या कंपनीतून सुटते, चार दिवस घरी बसते, आणि दुसऱ्या कंपनीच्या नावावर परत त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर उभी राहते. कामावर घेतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवलेली असते. तारीख मागाहून पडते.

पहिल्यांदा शेरेबाईपुढे असा दाखला आला तेव्हा ती अडली होती. पोरीने सोडली नव्हती, पण तिला काढलंय असं लिहिलं तर पुढे कोण उभं करणार? लोक म्हणतील, चोरी केली असेल. म्हणून तिने ‘स्वखुशीने’वर खूण केली, आणि वर स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं: ‘अधिक चांगल्या संधीसाठी.’ तिला वाटलं, आपण पोरीचं भलं केलं. तेव्हापासून ती प्रत्येकाचं असंच भलं करत आली. मी कामगार संघटनेचं काम करतो; मी तिला एकदा झापलंही होतं. म्हटलं, बाई, चोराला पावती फाडून देताय. ती म्हणाली, “तुम्ही मोर्चे काढा हो, मला पोरांची तोंडं बघावी लागतात.”

तिच्या भाचीचे सहाही दाखले तिनेच लिहिलेले. भाची पंचवीस वर्षांची. औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या मशीनमधून सरकतात, त्यातली रिकामी खाच नजरेने टिपून पट्टी बाजूला काढायची, हे तिचं काम. पाच वर्षं तेच मशीन. त्याचा आवाज बदलला की बिघाड कुठे आहे ते ती सांगायची.

मग शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात तपासनिसाची कायम जागा निघाली. एकच जागा. प्रत्यक्ष कामाची परीक्षा झाली, भाची पहिली आली. राहिली कागदपत्रं. कंत्राटदाराचे दाखले असतील तर कार्यालयातल्या माणसाने येऊन खात्री द्यावी, असा त्यांचा नियम. मावशीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, इस्त्रीची साडी नेसली आणि भाचीबरोबर गेली.

तिथलं सगळं तिनेच मला सांगितलं, माझ्या खोलीत बसून, चहा तसाच निवू देत.

भरतीचा साहेब तिशीतला. काचेची खोली, पुढे संगणक. त्याने सहा दाखले पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

“पाच वर्षांत सहा कंपन्या,” तो म्हणाला. “ताई, तुमची पिढी फार धरसोड करते. आम्ही जॉब हॉपर म्हणतो याला. दर वेळी अधिक चांगली संधी?”

भाची म्हणाली, “सर, मशीन एकच होतं.”

“कंपन्या सहा दिसतायत.”

शेरेबाईला राहवलं नाही. “साहेब, तुम्ही इथे किती दिवस?”

“एक वर्ष दोन महिने.”

“आणि त्याआधी?”

“दोन ठिकाणी. पण ते वेगळं. एका जागी बसून पगार वाढत नाही, म्हणून बदलल्या. त्याला प्रगती म्हणतात.” तो ओशाळून हसलाही. माणूस वाईट नव्हता, असं ती म्हणते. “मावशी, माझ्या हातात नाही. तीनच्या वर नोकऱ्या दिसल्या की वरून विचारणा होते, ही टिकेल का.”

“मी तिशीच्या आत सात नोकऱ्या बदलल्या,” शेरेबाई म्हणाली. “एक दुकान बंद पडलं. एकाने पगार दिला नाही. दोन लग्नामुळे गेल्या, एक बाळंतपणामुळे. मला कुणी धरसोडी म्हटलं नाही, कारण तेव्हा कागदच नव्हता. शेजारणीने शब्द टाकला की काम मिळायचं. आमच्या वयाची सगळी अशीच होती.”

“पण आता एकवीस वर्षं टिकलात ना? हीच निष्ठा हवी.”

“निष्ठा कसली? गुडघे दुखतात, आणि या वयात कोण घेतंय? आमचा चाळिशीतला मुकादम गेल्या साली काम सोडून गेला. त्याची आई अंथरुणाला खिळली, पाळी बदलून देईनात. त्याच्या कागदावरही मी चांगली संधीच लिहिलीय.”

साहेबाने मान वर केली. “म्हणजे ही कारणं खरी नाहीत?”

आता ती दोन्हीकडून अडकली. दाखले खोटे म्हणावं तर भाचीची पाच वर्षं कागदावरून पुसली जाणार, खोटी कागदपत्रं दिली म्हणून ती बाहेर, आणि कंत्राटदाराला कळलं की मावशीही रस्त्यावर. खरे म्हणावं तर पोरगी धरसोडी.

“मावशी, खात्री द्यायला आलात ना?” साहेब हळूच म्हणाला. “खरे की खोटे, एवढंच सांगा.”

मावशीच्या आधी भाचीच बोलली. “खरे आहेत, सर. मीच सोडल्या.”

जागा हातची गेली. त्या कारखान्याचा जिना उतरताना मावशी म्हणाली, “का गं असं बोललीस?”

“तुझं काम गेलं तर तुला कोण घेणार? मला निदान शिव्या देऊन तरी कुणी घेईल.”

हे ऐकून मी भडकलो. म्हटलं, चला, तक्रार करू, सहाही पाट्यांचे फोटो काढू, त्या पोरीला साक्षीला उभी करू. शेरेबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसलो. “साक्ष द्यायला आधी ती कुठे तरी कामावर हवी ना. तक्रार केलेली पोरगी म्हटल्यावर कोण उभं करेल?”

भाचीची सहावी कंपनी तेव्हा नुकतीच संपली होती; महिना उलटला. या वेळी मालकाने पुढची पाटी दिलीच नाही. मशीनवर नवी मुलगी उभी केली, वीस वर्षांची. सहावा दाखला मात्र नव्याने हवा होता, आधीच्या कागदावर तारीख चुकली होती म्हणून. तो शेरेबाईने भरायला घेतला. दोन्ही पर्याय सोडून तिने कडेच्या जागेत लिहिलं: ‘कंत्राटाची मुदत संपवली. कामगाराने सोडलेली नाही.’ एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

मालकाने तो वाचला, रागावला नाही. ‘कडेला लिहिलं तर शिक्का बसत नाही, बाई, दुसरा काढा,’ एवढंच म्हणाला आणि फोन घ्यायला गेला.

भाची समोरच्या बाकावर बसून होती. तिला दुपारी दुसरीकडे मुलाखत होती आणि शिक्क्याशिवाय कागद चालणार नव्हता.

“लिही गं मावशी, नेहमीचंच,” ती म्हणाली. “बस निघून जाईल.”

शेरेबाईने नवा कागद घेतला. तिचं अक्षर, म्हणाली, त्या दिवशीही सुरेखच आलं.