मिनिट्स लिहिणारे अश्वजित

आखातातल्या आमच्या कारखान्यात युनियनच्या बैठकांची मिनिट्स कित्येक वर्षं अश्वजित सोनकांबळेच लिहीत. माणूस नांदेडकडचा, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, राहायला हमद टाउनला. बैठकीत कोणी टेबल आपटून ओरडलं, तरी यांच्या कागदावर ‘नाराजी व्यक्त केली’ एवढंच उतरायचं. मी हेलन, एचआरची, म्हणजे टेबलाच्या पलीकडची, व्यवस्थापनाची. पण त्यांच्या लिखाणावर आमचाही डोळे मिटून विश्वास.

यंदाचा वेतन करार गुरुवारी जमला. तोच त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता, निवृत्तीचा. पगारवाढीच्या फरकाच्या पैशातून त्यांना गावच्या घरावर स्लॅब टाकायचा होता, हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक होतं.

मान्य अटी ते एकेक करून लिहीत गेले. पगारवाढ एक जानेवारीपासून लागू. मागच्या महिन्यांचा फरक पुढच्या पगारात. फरक मात्र करारावर सह्या होतील त्या दिवशी नोकरीत असलेल्यांनाच.

युनियनचे अध्यक्ष उबेदभाई म्हणाले, “तो फिर आज ही साइन करो ना, खलास.”

“अरबी मसौदा लीगल से नहीं आया,” आमचे मॅनेजर म्हणाले. “संडे को, इंशाल्ला.”

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि अरबी कागदाशिवाय सही होत नाही, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. जानेवारीनंतर निवृत्त झालेल्यांनाही फरक मिळावा, असं उबेदभाईंनी सांगून पाहिलं. मॅनेजर म्हणाले, “रिझर्व्हेशन में लिख लो.” म्हणजे नुसती हरकतीची नोंद. उबेदभाईंनी आपल्या लोकांकडे पाहिलं. सगळे खाली बघत बसले, कारण प्रत्येकाची वाढ पक्की झाली होती. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि गप्प बसले म्हणून स्वतःचाही. अश्वजितनी शांतपणे लिहिलं: ‘युनियनने आक्षेप नोंदवला. व्यवस्थापनाने नोंद घेतली.’

रविवारी मिनिट्सवर सही करायला त्यांना बोलावलं. त्यांचं कार्ड गेटवर चालेना. मी खाली जाऊन व्हिजिटर पास काढून दिला, तो त्यांनी शर्टाला लावला.

वर आल्यावर मी हळूच म्हटलं, “दादा, नका करू सही. थोडं अडू दे यांचं.”

“झालं तेच लिहिलंय ना, हेलनताई? मग अडवायचं कशावर?”

आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. तेच मला सोसवेना. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, मिनिट्सवर त्यांची झाली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

जिन्यातच गावाहून त्यांच्या बायकोचा, राधावहिनींचा फोन आला. झाल्या का सह्या, असं त्यांनी विचारलं असावं.

“झाल्या,” ते म्हणाले. “गवंड्याला सांग, स्लॅब नको. पत्रेच टाकू.”