मठ्ठा न पोचलेली पंगत

कोळवडीत रखमाजीतात्या ढोकण्यांच्या गिरणीवर दळण टाकायचं म्हणजे पिठाबरोबर उपदेशही घरी न्यायचा, ही रीतच होती. पट्टा फटफट करतोय, तात्यांच्या भुवयांवर पीठ बसलंय आणि तात्या त्या आवाजावर आवाज चढवून सांगताहेत, "अरे, पिठाला कधी जात असते का? संतांनी काय सांगून ठेवलंय?" एवढं सांगून झालं की खालच्या वस्तीतल्या बायकांचे डबे ते हळूच बाजूला सरकवत. त्यांचं दळण शेवटी. का, तर "ओळीनं यावं लागतं बाई." ओळ कोण लावतं हे विचारायची सोय नव्हती, कारण ओळ तात्याच लावत.

शनिवारी सकाळच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तासही त्यांच्याकडे होता. शिकवीत मात्र झकास! संतांच्या मेळ्यात कोण नव्हतं? माळी होता, कुंभार होता, न्हावी होता, शिंपी होता, परक्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई होती आणि ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते असाही एक होता. आणि हे सगळे भेटले की एकमेकांच्या पाया पडत. "मोठा कोण, धाकटा कोण, बघायचंच नाही. समोरचा माउली!" असं म्हणून तात्या पोरांच्या जोड्या लावत. पोरं एकदम वाकत, टाळक्यावर टाळकं आपटे आणि वर्गात खसखस पिके.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे माणूस ढोंगी. तसा नव्हता हो. शिकवताना तात्यांचे डोळे खरंच भरून येत. फक्त त्या पाण्याचा एक थेंबही कधी दळणाच्या ओळीपर्यंत पोचत नसे, एवढंच.

चैत्रात गावाचा सप्ताह असे. सात दिवस मंडपात वीणा उभी. ती खाली टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही आणि तिच्याबरोबरचं नाम थांबवायचं नाही. दोन-दोन तासांचे पहारे. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहिल्याचा आवाज थांबायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्यापुढं अख्खं गाव वाकतं, मग तो कुणी का असेना. मध्ये खंड पडला तर सप्ताह मोडला. कोळवडीचा सप्ताह आजवर मोडला नव्हता, आणि हे तात्या गिरणीवर, शाळेत आणि एसटीच्या थांब्यावरही सांगत. पहारे वाटून देणारे तेच.

खालच्या वस्तीतली सुंद्राबाई रोज पहाटे मंडप झाडून सडा टाकायची. बाकी दिवसभर मंडपाच्या शेवटच्या खांबाशी बसून टाळी धरायची. गळा असा खणखणीत, की कीर्तनकारबुवाही मान वळवून बघत. तिला आयुष्यात एकच हौस होती. एकदा, फक्त एकदा, वीणा गळ्यात घ्यायची. दुपारचे पहारे बायकांचेच असत, म्हणून ती दरसाल विचारायची.

"तात्या, औंदा मला एक पहारा द्या ना."

"अगं, द्यायला काय! पण जागा भरल्या."

"मागल्या साली बी भरल्या व्हत्या."

"मग बघ, किती भक्ती वाढलीय गावात!"

सुंद्राबाई हसायची आणि झाडू उचलायची. घरी जाऊन रडत असेल, तर ते तात्यांना दिसत नव्हतं.

त्या वर्षी पाचव्या दिवशी संध्याकाळी पंगत होती. पंगत एकच बरं का! संतांचा सप्ताह, तिथं दोन पंगती कशा चालतील? फक्त गावकरी बसले की मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा सुटायची आणि मग खालची वस्ती बसायची. "वाढप्यांना फिरायला बरं पडतं," हे तात्यांचं कारण. लापशी झाली, आमटी झाली, मग मठ्ठा आला. तो सकाळपासून तांब्याच्या मोठ्या पातेल्यात होता आणि त्या पातेल्याची कल्हई केव्हाच उडाली होती. कल्हईवाल्याला बोलवायचं राहून गेलं होतं. तात्यांनी पुढच्या रांगांना आग्रह केला, "घ्या हो पाटील, अजून एक द्रोण! मठ्ठ्याला नाही म्हणू नये." स्वतः तीन द्रोण प्याले. वाढपी मोकळी जागा ओलांडून मागं गेला तेव्हा पातेल्यात पळी खडखड वाजली.

"तात्या, मठ्ठा?" सुंद्राबाईनं विचारलं.

"संपला गं. मठ्ठ्यात काय असतं? भाव पाहिजे, भाव!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावात वेगळीच वर्दळ सुरू झाली. जो तो ओढ्याच्या दिशेनं निघालेला, हातात टमरेल, चाल घाईची, आणि कुणी कुणाला रामराम घालायला तयार नाही. आंबट मठ्ठा आणि कल्हई नसलेलं तांबं यांनी आपलं काम केलं होतं. पाटलांच्या घरी एकुलत्या संडासात आत कोण आणि बाहेर कोण यावर सासू-सुनेत जुंपली होती.

तात्यांचं पोट जरा दमदार, त्यामुळं दुपारपर्यंत तगलं. भर उन्हात वीणा त्यांच्या गळ्यात होती. पहाऱ्याला निघालेली बाई अर्ध्या वाटेवरनंच परत फिरली होती, म्हणून तेच उभे होते. दोन टाळकरी होते. पहिला मध्येच टाळ ठेवून गेला. दुसऱ्यानं तात्यांकडं केविलवाणं बघितलं, हात जोडले आणि धूम ठोकली. मंडप रिकामा झाला. आणि नेमकी तेव्हाच तात्यांच्या पोटात पहिली कळ आली.

"रामकृष्णहरी," म्हणत तात्यांनी पाय जुळवले. दुसरी कळ आली. नाम द्रुत लयीत गेलं. वीणा ठेवावी तर सप्ताह मोडतो. न ठेवावी तर... ते बोलवत नाही. मंडपात, देवापुढं, या वयात! तात्यांच्या कपाळावर घाम डवरला. त्यांनी चारी दिशांना बघितलं. शेवटच्या खांबाशी सुंद्राबाई बसली होती. निवांत. टाळी धरून.

"रामकृष्णहरी... सुंद्रे... रामकृष्णहरी... इकडं ये!"

"मी? तिथं?"

"रामकृष्णहरी... ये म्हणतो ना... लवकर!"

ती उठली, चार पावलं आली आणि थांबली. "तात्या, जागा भरल्यात ना पण?"

"रामकृष्णहरी! आता काय त्याचं! नुसती धर पाच मिनिटं. गप उभी राहा, म्हणू नकोस काही."

"मुक्यानं वीणा धरायची? मग ती खुंटी काय वाईट हे?"

तिसरी कळ आली ती सगळा मानमरातब घेऊन गेली. "रामकृष्णहरी... म्हण बाई, काय म्हणायचं ते म्हण! धर गं माउली, धर!"

माउली! शाळेतल्या पोराटोरांना म्हटलेला तो शब्द तात्यांनी तिला आजवर कधी दिला नव्हता. सुंद्राबाईनं पदर डोक्यावरून घेतला, नाम उचललं, मान पुढं करून वीणा गळ्यात घेतली आणि वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. आता तात्यांनी वाकायचं. पण वाकणं म्हणजे पोटावर दाब. तात्यांनी हवेतच हात जोडल्यासारखं केलं आणि धोतराचा सोगा धरून ओढ्याकडं जे पळाले, ते वाटेत चपलेकडंही वळले नाहीत.

पाच मिनिटांचा तास झाला. एकदा परत निघाले, तर ओढ्यानं पुन्हा बोलावलं. तिथं बसल्या बसल्या तात्यांचा जीव टांगणीला लागला होता. आवाज येतोय का? थांबला तर नाही ना? पण उन्हातून तो खणखणीत आवाज सारखा येत होता, आणि हळूहळू त्यात दुसरे आवाज मिसळले, टाळ मिसळले. कोण आलं असेल? गाव तर सगळं ओढ्याला होतं.

हातपाय धुऊन, भिंती धरत धरत ते मंडपात आले आणि दारातच थबकले. खालची वस्ती आली होती. म्हातारेकोतारे, बायका, सगळे ठणठणीत. टाळ त्यांच्या हातात, मृदंग त्यांच्या हातात आणि मधोमध सुंद्राबाई वीणा घेऊन पावलं टाकत होती. सगळ्या गावात एवढीच माणसं धड का, हे तात्यांना आत्ता कळलं. मठ्ठा तिथवर पोचलाच नव्हता. पोचू दिला नव्हता कुणी? तर त्यांनीच. तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पिवळे पडलेले पाटील काठी टेकत आले, सवयीनं डोळे मिटून विणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वर बघितलं तर सुंद्राबाई! तोंडाचा आ झाला. पण ठेवलेलं डोकं परत कसं घेणार? गपचूप जाऊन बसले.

तात्या जवळ गेले आणि कुजबुजले, "दे इकडं."

सुंद्राबाई पावलं टाकतच राहिली. बोलली असती तर तिच्या तोंडचं नाम तुटलं असतं, हा तात्यांचाच नियम. तिनं फक्त आवाज चढवला. बाजूचा टाळकरी म्हणाला, "तात्या, पहारा दोन तासांचा असतो. तुम्हीच सांगता. आन् वीणेपुढं वाकल्याबिगर असं मधीच उभं ऱ्हात न्हाईत."

तात्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि बाई हसत होती. इतकी वर्षं आपण हिला जागा भरल्या म्हणून सांगितलं. कुठल्या जागा?

ते वाकले. पहाटे तिनंच टाकलेल्या सड्याचं शेण तिच्या पावलांच्या भेगांत वाळलं होतं. त्यावर त्यांनी कपाळ टेकलं. ते वर उठतात तोच रीतीप्रमाणं ती पण वाकली आणि दोघांची टाळकी खाडकन आपटली, अगदी शनिवारच्या तासाला आपटतात तशी. मंडप हसला. नाम मात्र तुटलं नाही.

गावाची पोटं ताळ्यावर येईपर्यंत रात्रीचे आणि दुसऱ्या सकाळचे पहारे खालच्या वस्तीनंच दिले. सप्ताह मोडला नाही.

काल्याच्या दिवशी पुन्हा पंगत बसली. पानं मांडणाऱ्यांनी सवयीनं मधली जागा सोडलेली होतीच. पुढच्या रांगेत पाटलांशेजारी तात्यांचा पाट होता. तात्या आले, पाटाकडं बघितलं, पत्रावळ उचलली आणि ती मोकळी जागा ओलांडून थेट मागं सुंद्राबाईशेजारी मांडी घातली.

"अवो तात्या, तुमची जागा पुढं हे की," सुंद्राबाई अवघडून म्हणाली.

"पुढं नको बाई. पुढं मठ्ठा लवकर येतो." तात्यांनी पोटावरून हात फिरवला. "इथं बरं."

सुंद्राबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. वाढपी बादली घेऊन पुढून सुरुवात करायला निघाला, तसे तात्या बसल्या जागेवरून ओरडले, "ए, इकडून सुरू कर! आणि पातेल्याला कल्हई लावलीय का ते सांग आधी!"

"काल लावली, तात्या."

"मग ये." त्यांनी स्वतःचा द्रोण बाजूला केला आणि सुंद्राबाईचा पुढं सरकवला. "हिला वाढ. आणि काठोकाठ भर, माउलीचा मागचा द्रोण राहिलाय."