नखं कुणाच्या वाट्याला

पाटोद्याच्या आमच्या मेडिकलात गल्ल्यामागं एक लोखंडी स्टूल आहे. पूर्वी त्यावर मी बसायचे, आता गुडघे नको म्हणतात म्हणून मला खुर्ची मिळाली आणि स्टूल नातीकडं गेलं. उन्हाळाभर ती त्या स्टुलावर औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली असायची. बी.फार्मसीचा तेवढा एकच विषय तिचा राहिला होता. दोनदा देऊन झाला होता. या खेपेला सुटला नाही तर तिच्या मैत्रिणी शेवटच्या वर्षात जाणार आणि ही घरी बसणार. आणि तिनं तर परस्पर ठरवूनही टाकलं होतं, की नापास झालं तर शिक्षण सोडायचं. हे मला तिनं सांगितलं नाही, तिच्या आईला सांगितलं, आणि सुनेनं मला भाकरी वाढता वाढता सांगितलं.

पोरगी मठ्ठ असती तर मी गप्प बसले असते. पण तिला सगळं येत होतं. तेच तर दुखणं होतं.

एकदा बाजाराची गर्दी ओसरल्यावर मी तिला विचारलं, "अडतंय कुठं नेमकं?"

"जोड्या लावा," ती म्हणाली. "गरोदरपणात कोणत्या औषधानं बाळात कोणतं व्यंग येतं, त्या जोड्या. दोन्ही वेळा तिथंच गेलं. एक चुकली की दुसरी आपोआप चुकते. मग घाबरून पुढच्या प्रश्नांचाबी सत्यानाश."

"सांग बघू, व्हॅलप्रोएट."

"पाठीचा कणा नीट मिटत न्हाई. टाळू दुभंगू शकतो. हृदयात दोष, चेहरा वेगळा, पुढं पोराची बुद्धी..."

"पुरे. फेनिटोइन."

"टाळू दुभंगतो, ओठ दुभंगतो. बोटांची टोकं अन् नखं अपुरी. डोकं लहान, हृदय..."

मी तिच्याकडं बघतच राहिले. पुस्तक उलटं टांगलं असतं तरी तिनं वाचून दाखवलं असतं. मागच्या पेपरात तिनं व्हॅलप्रोएटसमोर दुभंगलेला टाळू लिहिला होता. ते काही खोटं नव्हतं. पण मग फेनिटोइनसमोर कणा उरला, आणि ते मात्र साफ चुकलं.

मी रिकामी खोकी काढली. व्हॅलप्रोएट अन् फेनिटोइन या फिटच्या दोन्ही गोळ्यांची, रक्त पातळ करायच्या वॉरफॅरिनची, मनाच्या आजारावरच्या लिथियमची, बीपीच्या एका गोळीची. ती गल्ल्यावर ओळीत मांडली. तिला एकेका व्यंगाच्या चिठ्ठ्या करायला लावल्या आणि म्हटलं, आता ह्यांना बसव.

तिनं पहिल्याच फटक्यात टाळूची चिठ्ठी व्हॅलप्रोएटवर ठेवली.

"पुन्हा तेच."

"पुस्तकात हाय, आजी."

"हाय की. मी कुठं न्हाई म्हणते? पण मग फेनिटोइननं जायचं कुठं? तू बीडला काळ्यापिवळ्या जीपनं जातीस ना? डायवर आधी कुणाला बसवतो?"

"गठुडंवाल्याला."

"कावून?"

"त्याला मागं कोंबता येत न्हाई म्हणून."

"आन् तुझ्यासारख्या काटकुळीला?"

"कुठंबी," ती म्हणाली आणि पहिल्यांदा जरा हसली. मग चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा मांडायला लागली. लिथियमला हृदयाची झडप, जी आपल्या जागेपेक्षा खाली बसते, तिच्याशिवाय त्या चिठ्ठ्यांत दुसरं काही चालत नव्हतं. ते आधी बसलं. वॉरफॅरिनला बसकं नाक आणि हाडांच्या टोकांवरचे ठिपके. बीपीच्या गोळीला बाळाची किडनी आणि कमी झालेलं गर्भजल. मग व्हॅलप्रोएटला कणा, आणि टाळू फेनिटोइनकडं. जीप भरली.

"पण तुला कसं पाठ हाय सगळं?" तिनं विचारलं. "तू डी.फार्म. केलंस त्याला किती वर्षं झाली."

"भीतीनं पाठ झालंय," मी म्हटलं, आणि मग सांगणं भागच पडलं.

डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला मी होते तेव्हा तिचा बाप माझ्या पोटात होता. तेव्हाची मी म्हणजे काय सांगावं. दीड वर्षाच्या शिक्षणावर माझा असा समज झाला होता, की औषधातलं डॉक्टरांच्या खालोखाल मलाच कळतं. कधीकधी खालोखालसुद्धा नाही. सासूबाईंनी ओव्याचं पाणी दिलं तर मी त्यातल्या तेलाचं नाव सांगून पेला परत करायची. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "बाई, आमी पीत आलो, आमाला काय झालं न्हाई." मी त्यांच्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघायची.

आणि नेमका तेव्हाच वर्गात तो धडा लागला. थॅलिडोमाइडनं हातपाय खुंटलेली बाळं. त्या पुस्तकातलं चित्र मी वहीखाली झाकून वाचायची. प्रत्येक औषध वाचलं की मला वाटायचं, हे आपण कधीतरी घेतलंय. फेनिटोइन मी आयुष्यात घेतलं नव्हतं, मला फिट कधी आलीच नव्हती, तरी मी अंधारात पोटावर हात ठेवून बाळाच्या नखांची काळजी करायची. तेव्हा दुकानात फेनिटोइनच्या गोळ्यांची बाटली सासरे माझ्याकडून पुसून घ्यायचे. मी ती दोन बोटांनी धरायची, जसं काही झाकणातूनच औषध आत जाईल.

एक भीती मात्र नुसती वेडी नव्हती, अर्धवट होती. लग्नाआधी तोंडावर पुटकुळ्या आल्या म्हणून मी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल खाल्ल्या होत्या. नवरा मुलगा बघायला येणार, पुटकुळ्या कशा चालतील? आता पुस्तक सांगत होतं, की हे औषध बाळाच्या दातांत बसतं, दात पिवळे-तपकिरी होतात. मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला तर नाहीच, कारण त्याच्याकरताच तर खाल्ल्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक म्हातारे परीक्षक आले होते. माझं पोट तेव्हा चांगलंच दिसत होतं. त्यांनी जोड्याच विचारल्या. मी धडाधड सांगितल्या. टेट्रासायक्लिनला दात म्हटलं, तर ते म्हणाले, "कधी?"

"जी?"

"गरोदरपणात कोणत्या काळात घेतलं तर?"

हे मला येत होतं, रोज रात्री तोच हिशेब तर करत होते. म्हटलं, "दात धरायला लागतात तेव्हा. चौथ्या महिन्यापासून पुढं." आणि मग तोंडून निसटलंच, "पण सर, लग्नाआधी घेतलं असेल तर?"

ते माझ्याकडं बघत राहिले, मग पोटाकडं, मग समोरच्या कागदाकडं. म्हणाले, "तर काही नाही. औषध केव्हाच अंगातून निघून गेलं. तेव्हा दात नव्हते आणि दातवालाही नव्हता. बसा बाई, पाणी प्या."

मी पाणी प्यायले आणि तिथंच रडले. त्यांनी मला चांगले मार्क दिले. ते उत्तराचे होते का रडण्याचे, मी विचारलं नाही.

"मग सुटली भीती?" नातीनं विचारलं.

"कशाची सुटती? बाळ हातात दिल्याबरोबर मी आधी नखं बघितली. तोंड नंतर. सुईणबाई म्हणाली, पोरगा हाय की पोरगी ते तरी बघा आधी. मग दात यायला लागले तसं बॅटरी लावून बघायची. दुधाचे दात शुभ्र. जरा निवांत झाले, तर सातव्या वर्षी पक्के दात आले डाग घेऊन. मी दातांच्या डॉक्टरांकडं धावले, म्हटलं मीच केलं हे, टेट्रासायक्लिन. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? बोअरचं. म्हणाले, हे त्या पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग, तुमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या आयांनी काय टेट्रासायक्लिन खाल्लंय का?"

नात इतकी हसली की पुस्तक खाली पडलं.

तेवढ्यात एक बाई फिटच्या गोळ्या न्यायला आली. नवी नवरी होती, ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हॅलप्रोएट होतं. नातीनं चिठ्ठी वाचली आणि तिचं तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. बाईला म्हटलं, "दवाखान्यात सांगितलं का, लेकरू व्हावं असं वाटतंय म्हणून?" ती लाजून न्हाई म्हणाली. म्हटलं, "टोळी निघायच्या आधी सांगून घे. लेकरू पोटात राहायच्या आधीच ही गोळी बदलायची का ते डॉक्टर बघतील. पण त्यांनी सांगेपर्यंत रोजची गोळी चुकवू नको. मनानं बंद केली अन् फिट आली, तर तुलाबी धोका, लेकरालाबी." नातीला ते सगळं चिठ्ठीच्या मागं डॉक्टरांसाठी लिहायला लावलं.

बाई गेल्यावर नात म्हणाली, "मी तिला कण्याचं सांगणार होते."

"माहिती हाय. पेपरात बाई नसती, गोळी अन् व्यंग एवढंच असतं. मीबी तुझ्या वयात सांगितलं असतं. वर तेलाचं नावबी."

परीक्षेच्या दिवशी ती पहाटेच्या जीपनं गेली आणि दुपारच्या उन्हात परत आली. तोंड इतकंसं. सून माझ्याकडं बघायला लागली, मी सुनेकडं. ती ताटात वरण-भात कालवत बसली.

मग म्हणाली, "टाळूच नव्हता."

"म्हंजे?"

"जोड्यांत टाळू नव्हताच. व्हॅलप्रोएट, फेनिटोइन, वॉरफॅरिन, लिथियम, टेट्रासायक्लिन, सगळं होतं. पण टाळू कुठंच न्हाई. मी टाळूवरच विसंबून होते."

सुनेनं पदर तोंडाला लावला.

"मग जीप भरली," नात म्हणाली. "दात टेट्रासायक्लिनला. झडप लिथियमला. नाक वॉरफॅरिनला. उरला कणा आणि उरली नखं. नखं म्हटल्यावर मला तू दिसलीस. बाटली दोन बोटांनी धरलेली. त्या बाटलीत काय होतं, ते आठवलं. मग मागं वळून बघितलंच न्हाई. पुढचा पेपर पण लिहिला."

"म्हंजे माझ्या येडेपणाचे मार्क मिळाले तुला."

"दोन," ती म्हणाली. "आणखी पाहिजे होते, पण तू तेवढीच येडी होतीस."

"त्याहून लई होते. तू विचारलंच न्हाईस."

निकाल काही आठवड्यांनी लागला. काठावर का होईना, विषय सुटला. तिनं मोबाइल आधी मला दाखवला, मग आईला. शिक्षण सोडायचं बोलणं कुणी काढलं नाही, तिनंही नाही. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या वर्षाचं पुस्तक घेऊन त्याच स्टुलावर बसली होती.

संध्याकाळी तिचा बाप ठोक बाजारातून माल घेऊन आला. खोकी उतरवताना आम्हा दोघींना हसताना बघून म्हणाला, "काय झालं?"

"काय न्हाई," नात म्हणाली. "बाबा, हात दाखवा जरा."

त्यानं खोकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले, नखं वर करून. कशाला, असं त्यानं विचारलंही नाही. जन्मापासून सवय आहे त्याला.