झाकणाचा आडोसा

मधल्या सुट्टीत माझ्या पाचवीच्या मुली गोल करून डबे खातात. पल्लवीला त्या गोलात जागा नाही. तिच्या डब्यात सुकट असते. ती भिंतीकडे तोंड करून, झाकणाचा आडोसा धरून खाते.

"वास येतो हो!" स्टाफरूममधल्या बाई नाक मुरडून म्हणाल्या. गटारावरची पाणीपुरी चालणारी ही नाकं चिमूटभर सुकटीपुढे सोवळी होतात. मुली इथूनच शिकल्या.

मी डबा घेऊन रोज पल्लवीशेजारी बसू लागले. काही विचारलं नाही, नुसती जेवले. आठवड्याने झाकण खाली आलं. मग एकदा तिने माझ्या पोळीवर थोडी सुकट ठेवली. मी खाल्ल्यावर हळूच म्हणाली, "बाई, तुम्हालाही तिकडे कुणी घेत नाही?"

"नाही गं. मीच त्यांना घेत नाही."