गुंड्यांमधलं अंतर

साताऱ्याकडून आलेले उद्धवराव पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात पंपावर होते. कारखान्याला, चाळींना आणि दवाखान्याला पाणी त्यांच्याच उंच टाकीतून जाई. टाकीत पत्र्याचा बंद डबा तरंगे. त्याची दोरी कप्पीवरून खाली पंपघरात येई. दोरीवर दोन गुंड्या होत्या. पाणी बरंच उतरलं की एक गुंडी खटका वर ढकलून पंप चालू करी. टाकी भरली की दुसरी तो खाली दाबून बंद करी. मधल्या वेळात खटका होता तसाच राही.

ऐन उन्हाळ्यात फिटर बरकतची बायको सुरय्या बाळंतपणासाठी चढावरच्या दवाखान्यात होती. टाकी उतरली की तिथल्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची. नर्स सुमनताई वैतागल्या होत्या. उद्धवरावांना राहवलं नाही. सकाळी त्यांनी चालू करणारी गुंडी दुसरीच्या अगदी जवळ सरकवली. आता टाकी सदा भरलेली राहणार!

राहिलीही. पण थोडं पाणी उतरलं की पंप चालू, लगेच भरलं की बंद, की पुन्हा चालू. पडत्या पाण्याच्या लाटांनी डबा हाले, तेवढ्यानेही खटका वाजे. दुपारी पंपघरात जळकट वास सुटला आणि स्टार्टरने मोटारीची वीज तोडली. उद्धवरावांनी मोटारीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

बरकत धावत आला. दोरी बघून म्हणाला, "काका, गुंडी तुम्ही हलवली?"

"व्हय रं. सुरय्यासाठीच. जळली का मोटार?"

"निवून परत चालवल्याशिवाय कसं सांगू? सुरू होताना ती चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढते. एकदा तापली की निवायला उसंत लागते. गुंड्या जवळ आल्या, उसंतच गेली."

"आन् दवाखान्याचं पानी?"

"टाकी भरलेली आहे, तोवर पिंपं भरून घेऊ."

सुमनताईंनी होती नव्हती ती पिंपं भरली. बरकतने स्टार्टरमधले वीज जोडणारे करपलेले पॉइंट बदलले. उद्धवरावांनी गुंडी परत खाली नेली. जुन्या जागेपेक्षा वीतभर वरच ठेवली, म्हणजे धारही जरा बरी आणि मोटारीलाही विसावा. मग दोघं मोटार निवायची वाट बघत बसले. बरकतची नजर दवाखान्याच्या वाटेवर, उद्धवरावांची दोरीवर. चाळीतून हंडे घेऊन बाया पाणी पुरेल का विचारायला येऊ लागल्या. उद्धवराव हात जोडून त्यांना थांबायला सांगत.

टाकी उतरली. गुंडी खटक्याला टेकली. खटका वर गेला. मोटार हुंकारली, क्षणभर अडल्यासारखी वाटली, आणि फिरली.

उद्धवराव तरीही उठले नाहीत. टाकी भरून पंप आपोआप थांबला, बराच वेळ थांबलेलाच राहिला, तेव्हा कुठे उठले.

संध्याकाळी सुमनताई स्वतः खाली आल्या. "बरकत, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

बरकत उठून पळालाच. उद्धवराव मोटारीवर तळवा ठेवून उभे राहिले. ती कोमट होती.