एक्कावन्न उसने प्रकल्प आणि बाबांची वही

नोकरीच्या पहिल्या अर्जात मी छपन्न प्रकल्प दाखवले होते. त्यातले एक्कावन्न माझे नव्हते.

चोरी नव्हती ती, अडाणीपणा होता. ज्या साइटवर जगभरचे लोक आपला कोड उघडा ठेवतात, तिथे ‘फोर्क’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की दुसऱ्याचा प्रकल्प जसाच्या तसा आपल्या खात्यात उतरतो, मग त्यात आपण बदल करायचे असतात. मी बदल करायचा भाग सोडून बाकी सगळं केलं. मोठमोठ्या प्रकल्पांवर बटण दाबत सुटलो आणि बायोडाटात ‘अनुभव’ या रिकाम्या रकान्यात ठोकून दिलं : ओपन सोर्समध्ये भरीव योगदान.

पुण्याच्या कंपनीतल्या बाईंनी ऑनलाइन मुलाखतीत माझं खातं उघडलं, थोडा वेळ खाली खाली सरकवत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “यातली तुम्ही लिहिलेली एक ओळ दाखवा.”

मी ‘नेटवर्क जातंय’ म्हणालो. नेटवर्क उत्तम होतं.

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “अनुभव नाही म्हणून कोणी नाकारत नाही हो. पण आम्हाला काहीतरी वाचायला द्या. स्वतः वापरता अशी एखादी गोष्ट शोधा, तिच्यात काय मोडलंय ते बघा आणि तेवढंच नीट करा.”

घरी वडनेरला बाबांनी विचारलं, “काय झालं बे?”

“विचार करून कळवतो म्हणाले.”

“म्हंजे नाई म्हनले.”

मलकापुरात मामांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, औषधं. दिवाळीच्या पाडव्याला ते दुसरं दुकान उघडणार होते आणि त्याच्या काउंटरवर बसायला त्यांनी मला ठरवून टाकलं होतं. “पाडव्यापोत्तर नोकरी लागली तं जाय,” मामा म्हणाले होते. “नाई लागली तं तुह्या नावाची खुर्ची तयार हाये. गादी बी टाकून ठेवली.” माझं सगळं शिक्षण त्या गादीवर बसणार, हे मला स्वप्नातही दिसायचं.

त्या साली कपाशीवर बोंडअळी होती. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचं नाव विसरा म्हणाले होते. आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. बाबांनी शेतात कामगंध सापळे लावले होते. रात्री नर पतंग वासाने त्यात येऊन अडकतात. सकाळी मोजायचे आणि सापळ्यामागे सरासरी आठ पतंग सलग तीन रात्री आले की फवारणीचा विचार करायचा. मोजणी भरायला मी बाबांच्या फोनवर एक फुकट ॲप टाकून दिलं होतं. बाबा ॲपमध्येही भरत आणि वहीतही लिहीत, कारण त्यांच्या मते फोन हा पोट्ट्यासारखा, केव्हा उलटेल सांगता येत नाही.

एका सकाळी त्यांनी फोन माझ्यापुढे आपटला. “हे पाह्य. झाडावर अळीनं गुंडाळलेल्या डोमकळ्या दिसून राह्यल्या, आन् तुहं ॲप म्हन्ते काळजी नाई.”

वही पाहिली. नऊ, दहा, रिकामं, एकोणीस. फोनमध्येही तसंच.

“हे मधात रिकामं काऊन?”

“बाजार होता ना त्या दिवशी. बाजाराच्या दिवशी सापळा कोन पाह्यते?”

खरंच होतं. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी शेतात कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी दोन रात्रींचे पतंग एकदम मोजतात. ॲप मात्र रिकाम्या जागेला शून्य समजत होतं. शून्य आलं की सलग रात्रींची माळ तुटे आणि इशारा मुका होई. एकोणीस दोन रात्रींत वाटले असते तर साडेनऊ, साडेनऊ. म्हणजे चारही रात्री आठच्या वर. बाबांनी ॲपला दोन शिव्या देऊन फवारणी केली. मी ॲपचा कोड शोधला. ओपन सोर्स होता, म्हणजे कोणीही वाचून दुरुस्ती पाठवू शकेल असा.

चूक सापडली आणि मी तिथेही घाण केलीच. मी कोड लिहायला वापरतो त्या एडिटरने आपल्या आवडीप्रमाणे सगळ्या फायलींतले समास सरळ केले, आणि मी ते तसंच पाठवून दिलं : चाळीस फायलींत बदल, त्यात कामाच्या ओळी सतरा. प्रकल्प सांभाळणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्या देशातला कोण जाणे, पण बोलणं बाबांच्या चुलतभावासारखं : यातलं काय वाचू? आधी अडचण वेगळी नोंदव. मग फक्त तिचीच दुरुस्ती पाठव. आणि ती चालते हे दाखवणारी टेस्ट जोड.

टेस्टमध्ये मी बाबांच्या वहीतले आकडे जसेच्या तसे घातले. आधीच्या कोडवर ती नापास, माझ्या कोडवर पास. त्याने दोन शंका काढल्या. दोन रात्री चुकल्या तर? पहिलाच दिवस रिकामा असेल तर? मी दोन्हींची सोय केली. तीन आठवड्यांनी सतरा ओळींच्या पंचवीस झाल्या आणि मूळ प्रकल्पात सामील झाल्या. मी अंगणात उडी मारली. बाबांना वाटलं, विंचू निघाला.

मग खातं झाडायला घेतलं. एक्कावन्न उसने प्रकल्प उडवले. उरलेल्या पाचांतला एक नुसता रिकामा फोल्डर निघाला, दुसरा अर्धवट. मामांच्या दुकानाच्या हिशेबासाठी केलेला कॉलेजचा प्रकल्प माझ्या कॉम्प्युटरशिवाय कुठेच चालत नव्हता आणि त्यात मामांच्या दुकानाच्या मेलचा पासवर्ड उघडा पडला होता. नुसता पुसून भागत नाही, जुन्या नोंदींत तो राहतोच. म्हणून मामांना पासवर्ड बदलायला लावला. काऊन ते सांगितलं नाही. शेवटी तीनच प्रकल्प वर ठेवले. प्रत्येकाला साधी माहिती जोडली : हे काय करतं, कसं चालवायचं, काय अजून जमलेलं नाही. अर्जात ‘भरीव योगदान’ खोडलं आणि एकच वाक्य लिहिलं, त्या दुरुस्तीच्या दुव्यासकट.

पुण्याच्याच दुसऱ्या एका कंपनीने बोलावलं. मामांच्या गोडाऊनमध्ये, सरकीच्या पोत्यांना पाठ लावून ऑनलाइन मुलाखत दिली. समोरच्या साहेबांनी ती सगळी चर्चा आधीच वाचली होती, चाळीस फायलींच्या लाजेसकट. “हा एकोणीस कुठून आला?” त्यांनी विचारलं.

आणि मी सुटलो. बाजार, सापळे, साडेनऊ, रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. मध्येच ‘त्या दिवशी सापळा पाह्यलाच नाई ना साहेब’ असं अस्सल वऱ्हाडी निसटलं. साहेब हसले. पण या वेळी ते लिहूनही घेत होते. “चुकल्यावर तुम्ही काय केलंत ते सगळं इथे दिसतंय,” ते म्हणाले. “आम्हाला तेच पाहायचं असतं.”

पाडव्याच्या चार दिवस आधी नेमणुकीचं पत्र आलं. उद्घाटनाला मी बाबांसोबत दुकानात गेलो तो पाहुणा म्हणून. त्या गादीवर मुद्दाम दोन मिनिटं बसलो आणि उठलो. मामांनी पेढा भरवला, भेटेल त्याला ‘भाचा पुन्याले चालला’ सांगितलं, आणि पत्र वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं, वर दुरुस्तीची गोष्टही रंगवून सांगितली. दुकान भरून लोक ऐकत होते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पतंग म्या मोजले, वही म्या लिवली, चुकी बी म्याच धरली. मंग नोकरी याले कायले देली बे त्यायनं?”