लाहूने वाचलेलं सोळावं वचन

तलासरीच्या मिशनमध्ये लाहूला सगळे मास्तर म्हणत, पण त्याला ग्रीक येतं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वारल्यांच्या पाड्यावर जन्मलेला हा माणूस सकाळी पोरांना पाढे शिकवी आणि दुपारी ओल्सन पाद्र्यांसमोर कागद घेऊन बसे. पाद्री नव्या कराराचं ग्रीक वाचत, वारल्यांच्या बोलीत सांगत, आणि लाहू लिहून घेई. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

पाद्र्यांची ग्रीक शिकवण्याची रीत निराळी. ‘पारा’ हा शब्द त्यांनी त्याला डहाणूच्या किनाऱ्यावर बसवून शिकवला होता. नामाआधी येणारा एवढासा शब्द, पण नामाची विभक्ती बदलली की त्याचा अर्थ फिरतो. षष्ठी असेल तर ‘कडून’: योहान देवाकडून पाठवलेला. चतुर्थी असेल तर ‘जवळ’: मरिया क्रूसाजवळ उभी. द्वितीया असेल तर ‘कडेला’: येशू समुद्राच्या कडेला गेला. “असल्या शब्दाचं तोंड बघून फसू नकोस,” पाद्री म्हणत. “सोबत कोण आलंय ते बघ.”

१९५८च्या फेब्रुवारीत नव्या करारातलं फिलेमोनाचं पत्र बोलीत लिहून पुरं झालं. एक दास धन्याकडून निघून गेलेला, पत्र लिहिणारा पौल त्याला परत पाठवतोय आणि धन्याला, फिलेमोनाला, विनवतोय, एवढंच ते पत्र. गुरुवारी नाशिकहून मिशनच्या मंडळाचे तपासनीस येणार होते. त्याआधी मजकूर पाड्यावर वाचायचा आणि ऐकणाऱ्याला काय कळलं ते विचारायचं, असा शिरस्ता होता.

लाहू बायजाकडे गेला. बायजाची तरणी वर्षं जमीनदाराच्या वाडीत वेठ करण्यात गेली होती. लाहूने सोळावं वचन वाचलं: “आता दास म्हणून नव्हे, तर दासांच्या वतीने, प्रिय भाऊ म्हणून त्याला घे.”

“काय समजलं, बायजाआते?”

“त्याला मुकादम केला,” बायजा तंबाखू मळत म्हणाली. “दास होते तिथंच. यो त्यांच्या वतीनं धन्याशी गोड बोलणार. आमच्या वाडीत पण होता असा एक भाऊ.”

लाहू हसला नाही. पाद्र्यांच्या बंगल्यावर येऊन त्याने त्यांचं ग्रीक पुस्तक स्वतः उघडलं. शब्द होता ‘हुपेर’. षष्ठीबरोबर त्याचा अर्थ ‘च्या वतीने’, ‘च्या बदली’. द्वितीयेबरोबर ‘च्या वर’, ‘च्यापेक्षा अधिक’. पुढच्या ‘दास’ शब्दाच्या शेवटी आखूड ओ होता, एकवचन, द्वितीया. दासापेक्षा अधिक. पाद्र्यांनी दीर्घ ओ वाचला होता, आणि त्याने अनेकवचनी षष्ठी झाली होती. तीनच वचनं आधी तोच शब्द खरोखर षष्ठीबरोबर आला होता, ‘तुझ्या बदली’. तो कानात राहिला असणार.

मग लाहूला आठवलं, पाद्री हल्ली पुष्कळदा पान न उलटताच, आठवणीतून सांगत असत. डोळे गेल्याचं मंडळाला कळलं तर ते त्यांना मायदेशी पाठवणार. तिथे त्यांचं कुणी उरलं नव्हतं. बायकोची कबर इथेच, चर्चच्या मागे होती. लाहू दोन दिवस गप्प राहिला. बुधवारी दुपारी त्याच्याने राहवेना.

“साहेब, सोळावं वचन चुकलंय.”

पाद्र्यांचा चेहरा ताठ झाला. “शिष्य गुरूपेक्षा थोर नाही. येशूच्या या वचनात ‘पेक्षा’ला ग्रीक शब्द कोणता?”

“हुपेर.”

“विभक्ती?”

“द्वितीया.”

“मग?”

“तीच इथे आहे, साहेब.”

पाद्र्यांनी भिंग घेतलं, पुस्तक नाकापाशी नेलं.

“तुला काय दिसतं?”

“आखूड ओ.”

“मला डाग दिसतो.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “आणि तू ग्रीक पडताळून का पाहत नव्हतास?”

“तुम्ही सांगत होता म्हणून.”

“ती तुझी चूक.”

“एवढं वचन सुधारू या, साहेब. तपासनिसांना कशाला कळायला हवं?”

“आणि बाकीची पानं कुणी वाचायची?”

गुरुवारी तिघे तपासनीस टेबलाशी बसले. पाद्र्यांनी पुस्तक लाहूपुढे सरकवलं. “हा वाचेल.”

“मास्तर? तुम्हीच वाचा ना, पाद्रीसाहेब,” त्यांतला एक म्हणाला.

“मला दिसत नाही.”

लाहूने आधी ग्रीक वाचलं, मग सुधारलेलं वचन: दासापेक्षा अधिक, प्रिय भाऊ. सगळी पानं पुन्हा पडताळायची आणि ते काम लाहूने करायचं, असं ठरलं. पाद्र्यांच्या परतीचं पत्र एप्रिलमध्ये आलं.

मधल्या आठवड्यांत लाहू वाची आणि पाद्री अर्थ सांगत. एकोणीस चुका सापडल्या. प्रत्येक वेळी पाद्री म्हणत, “लिही, माझी.” लाहूला त्या निम्म्या आपल्या वाटत, पण तशी नोंद ते करू देत नसत.

डहाणू रोडच्या फलाटावर, खिडकीतून, पाद्री विभक्त्याच विचारत राहिले. लाहू पटापट सांगत होता. एका शब्दाची विभक्ती त्याला येईना. पाद्री पुढे वाकले, सांगू लागले, तोच गाडी हलली आणि इंजिनाच्या आवाजात त्यांचे फक्त ओठ दिसले. तलासरीला परतल्यावर पुस्तकात तो शब्द शोधायला लाहूला तीन दिवस लागले.